कुत्र्याच्या जखमेत थिमेट नको, चिमटा हवा

आज पिकाचं नाही, गल्लीतल्या कुत्र्यांचं लिहितोय. पण विषय आपल्या गोठ्याशी जोडलेला आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

भोसरीत एमआयडीसीच्या कडेला आता शेती कमी राहिली, कुत्री मात्र भरपूर. भांडणात कान फाटतो, गाडीचा धक्का लागतो, आणि पावसाळ्यात दोन दिवसांत त्या जखमेत अळ्या पडतात. आपण आसडी पडली म्हणतो. मग कुणीतरी भला माणूस शेडमधून नुवान किंवा थिमेट आणतो आणि जखमेत टाकतो. माझं स्पष्ट मत आहे, हे बंद झालं पाहिजे.

आधी माशीचं समजून घ्या. जखमेतून येणारं रक्त, पाणी आणि वास यावर माशी येते. साधी घरमाशी नाही, हिरवट-निळी चकाकणारी. यातली एक जात, क्रायसोमिया बेझियाना, मेलेल्या मांसावर नाही तर जिवंत जनावराच्या जखमेवरच वाढते. जखमेच्या कडेला ती एका वेळी शे-दीडशे अंडी चिकटवते. पांढऱ्या बारीक दाण्यांचा थर दिसतो. साधारण एका दिवसात अंडी फुटतात आणि अळ्या तोंड आत खुपसून मांस खात खोल जातात. श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला असतात, म्हणून शेपटीकडचा भाग वर ठेवतात. जखमेला वास सुटला की आणखी माश्या येतात. म्हणून वरून रुपयाएवढं भोक दिसलं तरी आत वाटीएवढी पोकळी असू शकते.

पाच-सात दिवसांत अळी पोसली की खाली गळून मातीत शिरते, कोष करते आणि माशी होऊन बाहेर पडते. ती माशी पुढे कुत्रा शोधेल की तुमच्या व्यालेल्या गाईची जखम, हे कोण सांगणार? वासराची ओली नाळ तिला तेवढीच चालते.

आता औषधाचं. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस आणि थिमेट म्हणजे फोरेट. दोन्ही ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहेत, तरी जुन्या बाटल्या शेडात पडून असतात. अळी त्यानं मरते, खोटं नाही. पण उघड्या जखमेतून विष रक्तात जातं आणि कुत्रा जखम चाटतो ते वेगळंच. लाळ गळते, अंग थरथरतं, बुबुळं टाचणीएवढी होतात आणि श्वास अडकून जीव जातो. लोक म्हणतात अळ्यांनी मेला.

जनावरांचे डॉक्टर काय करतात ते मी गेल्या पावसाळ्यात जवळून पाहिलं. वजनकाट्यापाशी राहणाऱ्या तांबड्या कुत्र्याला कानामागं जखम होती. आधी पट्टीनं तोंड बांधलं आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं, कारण वेदनेत कुत्रा चावतोच. मग कडेचे केस कापले. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस जखमेत दहा-पंधरा मिनिटं दाबून ठेवला. अळ्यांचा श्वास कोंडला, त्या वर आल्या. चिमट्यानं एकेक काढून मिठाच्या दाट पाण्यात टाकल्या, जमिनीवर नाही. नंतर सलाईननं पोकळी धुतली, काळं पडलेलं मांस काढलं, पोव्हिडोन आयोडीन लावलं, वर माशी न बसणारा मलम. वजन करून आयव्हरमेक्टिन आणि अँटिबायोटिक दिलं. गाईचं आयव्हरमेक्टिन अंदाजानं देऊ नका, लहान पिल्लांना आणि काही विदेशी जातींना ते बाधतं. टर्पेंटाइनही डोळ्याजवळ किंवा तोंडात वापरत नाहीत.

खरा मुद्दा पुढचा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं तर आतल्या कप्प्यातून नऊ अळ्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी एकही नाही. पहिल्या दिवशीच सोडून दिला असता तर त्या आत वाढत राहिल्या असत्या. रक्तानं ओली, तांबडी, वास नसलेली जखम म्हणजे भरून येतेय. वास परत आला, पाणी सुटलं किंवा कुत्रा सारखं डोकं झटकू लागला, की अळी आत शिल्लक आहे समजा.

म्हणून आपल्याला जमेल ते एवढंच. कुत्रा एकच जागा सारखी चाटतोय, माशा घोंगावताहेत, केस ओले झालेत, असं दिसलं की पहिल्या दिवशीच महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला किंवा जवळच्या डॉक्टरला कळवा. हातमोज्याशिवाय हात लावू नका. चावला किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

थिमेटची पिशवी आणि नुवानची बाटली मात्र गोठ्यातून आजच बाजूला काढा. ती ना कुत्र्याच्या कामाची, ना गाईच्या.