तारीख नसलेली कपात

‘कंपनी अडचणीत आहे, सहा महिने कळ सोसा,’ असे मालक सांगतो तेव्हा तो खोटेच बोलत असतो असे नाही. चाकणमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे काम बड्या वाहन कंपनीच्या एका निर्णयाने निम्म्यावर येऊ शकते. अशा वेळी माणसे काढण्यापेक्षा सगळ्यांचे पगार कापणे दोन्ही बाजूंना परवडते. खरा प्रश्न ही कपात संपणार कधी, हा आहे आणि त्याचे उत्तर बहुधा ‘परिस्थिती सुधारली की’ असे तोंडी मिळते. हीच कंपनी कर्जाचे हप्ते पुढे ढकलायला बँकेत जाते तेव्हा नवे वेळापत्रक, व्याज, सह्या सगळे कागदावर येते. पगार कमी घेणारा कर्मचारीही कंपनीला पैसेच उसने देत असतो. त्याच्या वाट्याला मात्र भाषण येते.

समजा, पगार ६० हजार, त्यात मूळ वेतन ३० हजार आणि कपात २० टक्के. सहा महिन्यांत ७२ हजार रुपये गेले. ते ‘कमी केले’ की ‘मागे ठेवले’, हे पत्रात स्पष्ट हवे. मागे ठेवलेला पगार हे कंपनीवरचे देणे असते. कमी केलेल्या पगाराची रक्कम कंपनी सावरली तरी परत मिळत नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली तर थकीत पगाराचा दावा लावता येतो, सोडून दिलेल्याचा नाही. अर्थात कागद म्हणजे पैसे नव्हेत. एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेजची विमाने थांबली तेव्हा कर्मचाऱ्यांचे पगार थकलेले होते. कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो नोव्हेंबर २०२४मध्ये. पण दावा करायला निदान काहीतरी हाती लागते.

दुसरी गोम मूळ वेतनात आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजली जाते: सेवेच्या प्रत्येक वर्षाला २६ दिवसांच्या महिन्यातले १५ दिवस. दहा वर्षे झालेल्या या कर्मचाऱ्याची रक्कम ३० हजारांवर सुमारे १ लाख ७३ हजार होते. कपात मूळ वेतनातूनही झाली आणि त्याच काळात नोकरी सुटली, तर ती २४ हजारांवर मोजली जाऊन १ लाख ३८ हजारांच्या आसपास येते. तात्पुरत्या म्हणवलेल्या कपातीने दहा वर्षांच्या सेवेतले सुमारे ३५ हजार खाल्ले! म्हणून कपात भत्त्यांतून करावी आणि ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, नोटिशीचा पगार हे सगळे जुन्या पगारावर धरले जाईल, हे एक वाक्य पत्रात असावे.

‘ऑर्डर कधी येणार हे मलाच ठाऊक नाही, मी तारीख कशी देऊ?’ हा मालकाचा आक्षेप प्रामाणिक असू शकतो. त्यावर तोड आहे. विक्री अमुक आकड्यावर गेली की कपात थांबेल, आणि तसे झाले नाही तरी ३१ मार्चनंतर ती आपोआप संपेल. पुढे चालवायची तर पुन्हा संमती घ्यावी लागेल. यातला ‘आपोआप’ हा शब्द सोडू नये. त्याच्याविना पूर्ण पगार सुरू करायला कुणाच्या तरी नव्या आदेशाची वाट पाहावी लागते आणि तो आदेश निघता निघत नाही. संचालकांनी स्वतःचे किती कापले, हेही त्याच पत्रात यावे.

होकार देण्यापूर्वी भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडून पाहावे. पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. तिथेच दोन-तीन महिने कोरे दिसत असतील, तर अडचण सहा महिन्यांची नाही. कर्मचाऱ्याने कपातीला होकार देण्याऐवजी दुसरी नोकरी शोधायला लागावे.

कायद्याचा आधार सर्वांना सारखा नाही. ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांचे वेतन बदलायचे तर औद्योगिक संबंध संहितेच्या ४०व्या कलमानुसार, म्हणजे जुन्या कायद्यातल्या ९-अ प्रमाणे, २१ दिवसांची नोटीस लागते. व्यवस्थापक आणि बरेच पर्यवेक्षक त्या व्याख्येबाहेर राहतात. त्यांच्यासाठी नेमणूकपत्र हाच करार, आणि कमी पगार महिनोन्‌महिने मुकाट घेतला तर संमती होती, असा युक्तिवाद कंपनी करू शकते.

कंपनी पत्र देत नसेल तर कर्मचाऱ्याने आपणच मनुष्यबळ विभागाला लिहावे: ‘काल बैठकीत सांगितल्याप्रमाणे ही २० टक्के कपात सहा महिन्यांसाठी असून रक्कम नंतर परत मिळेल, असे समजून मी ती स्वीकारत आहे. यात चूक असल्यास कळवावे.’ उत्तर आले नाही तरी तारखेसह नोंद राहते. त्याची प्रत स्वतःच्या खासगी ई-मेलवर ठेवावी. नोकरी सुटली की कार्यालयाचे खाते बहुधा त्याच दिवशी बंद होते.