डेंग्यूचा ताप आणि घरातील औषधांचा डबा

पावसाळा ओसरू लागतो, कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि गच्चीवरील पिंपांत पाणी साचून राहते आणि घरोघरी मुलांना ताप येऊ लागतो. आई-वडील कामावर गेलेले असतात. तापलेल्या नातवंडाच्या उशाशी बहुधा आजी-आजोबाच बसलेले असतात. आजचा हा लेख त्यांच्यासाठीच आहे. डेंग्यूमध्ये ताप उतरवण्यासाठी दिलेले चुकीचे औषध काही वेळा तापापेक्षाही अधिक हानी करते आणि असे औषध बहुतेक घरांत आधीच ठेवलेले असते.

आपण एक उदाहरण घेऊ. पाच वर्षांचा, सोळा किलो वजनाचा एक मुलगा. सोमवारी संध्याकाळी त्याला एकाएकी १०३ अंश ताप चढला. डोळ्यांच्या मागे दुखत होते, अंग ठणकत होते. सर्दी-खोकला नव्हता. आजीने औषधांचा डबा उघडला. त्यात तीन गोष्टी होत्या : आजोबांच्या हृदयविकारासाठीच्या ॲस्पिरिनच्या गोळ्या, गेल्या वर्षी दातदुखीसाठी आणलेले आयबुप्रोफेनचे सरबत आणि पॅरासिटामॉलची एक बाटली. यांतील पहिल्या दोन वस्तूंना हात लावावयाचा नाही, हे प्रथम लक्षात ठेवावे.

त्याचे कारण असे. डेंग्यूमध्ये प्लेटलेट्स म्हणजेच रक्तबिंबिका कमी होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात. जखमेवर रक्ताची गुठळी बांधण्याचे काम या रक्तबिंबिका करतात. ॲस्पिरिन नेमके तेच काम बंद पाडते आणि ज्या रक्तबिंबिकेवर त्याचा परिणाम होतो ती आपल्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे आठ-दहा दिवस, निकामीच राहते. आयबुप्रोफेनचा परिणाम तुलनेने लवकर ओसरतो, परंतु तेही रक्तबिंबिकांना दुबळे करते. ही दोन्ही औषधे जठराच्या अस्तरालाही इजा करतात. आधीच संख्येने घटलेल्या रक्तबिंबिका अशा रीतीने निष्प्रभ झाल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शिवाय विषाणूजन्य तापात मुलांना ॲस्पिरिन दिल्यास मेंदू आणि यकृत यांना ग्रासणारा, दुर्मीळ पण गंभीर असा ‘रे सिंड्रोम’ होऊ शकतो. मेफेनामिक ॲसिड आणि डायक्लोफिनॅक ही औषधेही याच वर्गातील असल्याने टाळावीत. काही सरबतांत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असतात. म्हणून बाटलीवरील मोठ्या अक्षरांतील नावावर न थांबता, खाली बारीक अक्षरांत लिहिलेले घटक चष्मा लावून वाचावेत. तापाचे निदान होण्यास वेळ लागतो. डेंग्यू नाही असे डॉक्टर सांगेपर्यंत तो आहे असे समजूनच वागावे.

(आजोबा, आपली स्वतःची ॲस्पिरिनची गोळी मात्र मनाने बंद करू नये. आपल्यालाच ताप आला, तर ती चालू ठेवावी की थांबवावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.)

आता पॅरासिटामॉलविषयी. मुलांसाठी त्याची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : दर किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. आपल्या सोळा किलोच्या नातवासाठी ही मात्रा १६० ते २४० मिलिग्रॅम होते. डॉक्टरांनी २०० मिलिग्रॅम लिहून दिले असे समजू. सरबत मात्र निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून त्याला ४ मिलिलिटर द्यावे लागेल. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ८ मिलिलिटर. जुनी बाटली संपून नवी, दुप्पट तीव्रतेची बाटली घरी आली आणि सवयीने ८ मिलिलिटरच दिले, तर मुलाच्या पोटात एका वेळी ४०० मिलिग्रॅम जाते. लहान बाळांसाठीचे थेंब तर याहूनही तीव्र असतात. म्हणून ‘किती चमचे’ असे न विचारता ‘किती मिलिग्रॅम’ असे विचारावे आणि घरातील चमच्याऐवजी खुणा असलेले माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी.

दोन मात्रांत सहा तासांचे अंतर असावे आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा देऊ नयेत. येथे नेहमी होणारी चूक अशी : दुपारी तीन वाजता आजी औषध देते, पाच वाजता आई घरी येते, कपाळाला हात लावते आणि पुन्हा देते. यावर उपाय सोपा आहे. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवावा आणि औषध देणाऱ्याने त्यावर वेळ लिहावी. डेंग्यूमध्ये यकृताला आधीच सूज येऊ शकते आणि जादा पॅरासिटामॉल त्याच यकृतावर आघात करते. हे औषध डेंग्यू बरा करीत नाही, ते केवळ तापाचा त्रास हलका करते. मात्रा दिल्यावर ताप १०३ वरून १०१ वर आला आणि मूल पाणी पिऊ लागले, तर औषधाने आपले काम केले असे समजावे. उरलेल्या तापासाठी कोमट पाण्याने अंग पुसावे आणि ओआरएस, शहाळ्याचे पाणी, ताक, पेज घोट-घोट पाजत राहावे. बीट किंवा डाळिंबाचा रस मात्र या दिवसांत नको, कारण उलटी लाल झाली तर ते रक्त आहे की रस, हे कळत नाही.

आता या आजारातील सर्वांत फसवा क्षण. आपल्या उदाहरणातील मुलाचा ताप शुक्रवारी सकाळी उतरला. घरात सर्वांना हायसे वाटले. पण मुलगा खेळायला उठला नाही. पोट दुखते म्हणून कण्हत राहिला, दोनदा उलटी झाली, हात-पाय गार लागले आणि रात्रीपासून त्याला लघवी झालेली नव्हती. डेंग्यूतील धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान सुरू होतो. या एक-दोन दिवसांत रक्तातील द्रव वाहिन्यांतून बाहेर झिरपतो, रक्त दाट होते आणि रक्तदाब ढासळू शकतो. तापमापक मात्र सर्व ठीक असल्याचे दाखवीत असतो.

म्हणून ताप उतरल्यावर मुलाकडे पाहावे. खरोखर बरे होणारे मूल खाऊ मागते, बोलते आणि त्याला वेळेवर लघवी होते. याउलट पोटात सतत तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, डांबरासारखी काळी शौच, गार व चिकट हात-पाय, श्वास घेताना धाप, गुंगी किंवा विलक्षण चिडचिड, अथवा सहा तास लघवी न होणे, यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी मुलाला रुग्णालयात न्यावे. एका वर्षाखालील बाळाला मात्र तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे दाखवावे.

त्या शुक्रवारी आजीने ताप उतरल्याच्या आनंदात न राहता मुलाला तत्काळ रुग्णालयात नेले, तर तेथे रक्ताचा दाटपणा मोजून शिरेतून नेमक्या प्रमाणात सलाइन देता येते आणि बहुतेक मुले दोन-तीन दिवसांत सावरतात. जाताना फ्रिजवरील तो कागद सोबत न्यावा. ताप केव्हा सुरू झाला, कोणते औषध किती वेळा दिले आणि शेवटची लघवी केव्हा झाली, हेच प्रश्न डॉक्टर प्रथम विचारतात.