चिनी पडताळणीचे कोडे आणि दलालाची किल्ली

घाऊक खेळणी, पर्स, इमिटेशन ज्वेलरी यांचे भाव पाहण्यासाठी आपले अनेक व्यापारी बांधव अलीबाबाच्या 1688.com या चिनी संकेतस्थळावर जातात. माल पाहून होतो, मग एकाएकी चिनी अक्षरांची पट्टी समोर येते. पान भाषांतरित केले तरी चित्रात कोरलेली अक्षरे तशीच राहतात. कंटाळून काही जण खातेच दलालाच्या हवाली करतात. आमच्या मते हे महागात पडणारे आहे, आणि त्याची गरजही नाही.

पट्टीवर 请按住滑块，拖动到最右边 असे असेल, तर ठोकळा दाबून धरून उजव्या टोकापर्यंत न्यायचा, एवढेच. यातले 最右边 म्हणजे अगदी उजवीकडे. अन्य काही चिनी संकेतस्थळांवर मात्र 拼图 ही दोन अक्षरे दिसतात आणि वर खाच पडलेले चित्र असते. 拼图 म्हणजे तुकडे जुळविण्याचे कोडे. तेथे टोकापर्यंत गेलात तर फसलात. तुकडा खाचेत बसेल तेथेच बोट उचलावे. ही दोन कोडी ओळखण्यासाठी चिनी शिकावे लागत नाही, अक्षरांची ठेवण ताडून पाहिली की पुरते.

खरी गफलत 验证码 या शब्दाने होते. चित्रातली वेडीवाकडी अक्षरे आणि मोबाईलवर येणारा गुप्त अंक, दोहोंना चिनी भाषेत हाच शब्द. भाषांतरही दोन्ही वेळा ‘पडताळणी कोड’ असेच येते. तेव्हा शब्दाकडे नव्हे, रकान्याच्या शेजारी पाहावे. शेजारी चित्र असेल तर त्यातली अक्षरे टंकावीत. वाचता येत नसतील तर 换一张, म्हणजे ‘दुसरे दाखवा’, यावर दाबावे. शेजारी 获取验证码 असे बटण आणि वर मोबाईल क्रमांकाचा रकाना असेल, तर अंक संदेशाने येणार. त्या संदेशात बहुधा 请勿泄露 असते, म्हणजे कोणास सांगू नका.

आता दलाल म्हणतो, “भाईजान, 验证码 पाठवा, मी भरतो.” चित्राचा फोटो पाठविल्यास फारसे बिघडत नाही. मोबाईलचा अंक दिलात तर त्याला तुमच्या नावाने आत शिरता येते, पासवर्डही बदलता येतो. दलाल इमानदार असेलही. पण तिजोरीची किल्ली इमानदारालासुद्धा आपण देत नाही.

चित्रातला मजकूर समजत नसेल तर दुसऱ्या मोबाईलचा भाषांतर करणारा कॅमेरा पडद्यासमोर धरावा. आणि कोडे कोणत्याही भाषेत असो, ते Windows + R, मग Ctrl + V, मग Enter दाबावयास सांगत असेल तर पान तत्काळ बंद करावे. ती पडताळणी नव्हे, आपल्याच हाताने संगणकात घातक आज्ञा चालविण्याचा डाव आहे. खरे कोडे पानाबाहेर काहीही दाबावयास सांगत नाही.