“पाणी येतं का?” असं विचारलंत की “नाही” हेच उत्तर मिळणार

भाच्याला भाड्याने घर हवंय. ताईचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, म्हणून तळमजलाच पाहिजे. मे महिन्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर एक वन बीएचके बघायला त्याच्यासोबत गेलो. भाडं सोळा हजार. त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर साडेअठरा. डिपॉझिट पन्नास हजार, एजंटचं एक महिन्याचं भाडं वेगळं.

भाच्याने विचारलं, “पावसाळ्यात पाणी वगैरे येतं का?” एजंट म्हणाला, “छे हो, नदी केवढी लांब आहे.”

मंडळी, हा प्रश्नच चुकीचा आहे. “येतं का” म्हटलं की समोरचा आजचं बोलतो, आणि आज मे महिना आहे. प्रश्नाला तारीख पाहिजे. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं आणि एकतानगरीतली माणसं झोपेतून उठून पाण्यात उतरली होती. मग विचारायचं ते असं: “त्या दिवशी या पार्किंगमध्ये गाड्या होत्या का? कुठे हलवल्या?” गाडी हलवलेला माणूस विसरत नाही. आणि नदी लांब आहे हे तर सांगूच नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री माणसं वाहून गेली ती मुठेत नाही, आंबिल ओढ्यात.

मी हा प्रश्न एजंटला विचारलाच नाही. खाली इस्त्रीवाला होता, त्याला विचारला. तो म्हणाला, “रस्त्यावर घोट्याएवढं होतं. पण दादा, रस्त्याचं काय घेऊन बसलात, ह्यांच्या तर मोरीतून आलं.”

इथेच बहुतेक लोक फसतात. आपण दाराकडे बघतो, उंबरा किती उंच ते बघतो. तळमजल्यावर पाणी बरेचदा दारातून येतच नाही. बाहेर ड्रेनेजची लाइन तुंबली, किंवा नदी फुगली आणि नाल्याचं पाणी पुढे सरकेना, की ते पाइपातून मागे फिरतं. मग जे तोंड सगळ्यात खाली असेल तिथून वर येतं, आणि ते तोंड म्हणजे तळमजल्याची न्हाणी नाहीतर संडास. तपासायला सोपं आहे. बाहेरच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण बघा आणि घरातली फरशी बघा. झाकण फरशीपेक्षा चांगलं खाली असेल तर तुंबलेलं पाणी आधी बाहेर अंगणात उसळेल. झाकण वर आणि फरशी खाली, तर ते आधी तुमच्या घरात येईल.

आमच्या बिल्डिंगचं झाकण फरशीपेक्षा टीचभर वर होतं. बिल्डरने मुळात असं बांधलं नसणार. रस्त्यावर दर काही वर्षांनी थरावर थर चढतो, मग सोसायटीही आवारात ब्लॉक टाकून ते उंच करून घेते, आणि तळमजला आहे तिथेच राहतो. वॉचमनने सांगितलं की आधी प्रवेशाला तीन पायऱ्या होत्या. आता एक आहे. खाली बसलेल्या घराची ही सगळ्यात सोपी खूण. आत ड्राय बाल्कनीच्या कोपऱ्यात दोन विटा आणि फरशीचा गोल तुकडा नीट रचून ठेवलेला होता. भाच्याला वाटलं कुंडीखाली ठेवायला असेल. ते न्हाणीच्या जाळीवर दाबून ठेवायचं सामान होतं.

आता ओलीचं. ओल आणि पूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुराची रेघ सरळ असते, घरातल्या सगळ्या भिंतींवर एकाच उंचीला. रंग दिला की ती जाते, पण रंगारी ओट्याखालच्या कडप्प्यामागे ब्रश घालत नाही, म्हणून तिथे मोबाइलचा टॉर्च मारा. चौकटीचे पाय आणि किचन ट्रॉलीच्या प्लायची खालची कड फुगली आहे का बघा. जमिनीतून चढणारी ओल मात्र वेडीवाकडी असते, गुडघ्यापासून कमरेपर्यंत. तिच्या कडेला पांढरा खार फुटतो, बोट फिरवलं की पीठ लागतं. बोटाच्या पेराने ठोका, गिलावा पोकळ वाजला तर तो सुटलेला आहे, वरून कितीही रंग असू दे. छतावर गोल डाग असेल तर वरच्यांचं बाथरूम गळतंय, ते बाराही महिने गळणार. हॉलमध्ये उगाचच तीन फुटांपर्यंत टाइल्स लावल्या असतील तर हौस म्हणून सोडून देऊ नका, का लावल्या ते विचारा.

आम्हाला पुराची रेघ सापडली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. बेडरूमची एक भिंत गुडघ्यापर्यंत पोकळ वाजत होती, एवढंच.

मग घरमालक काकांना फोन लावला. ते आधी म्हणाले काही नाही. विटांचं विचारल्यावर म्हणाले, “अहो, ते एकदाच आलं होतं. मागच्या भाडेकरूने तासाभरात काढलं.” मला त्यांचा रागही आला नाही. खरं बोलले की भाडं दोन हजाराने पडतं, आणि चेंबर काही त्यांच्या हातात नाही. पण मग मी म्हटलं, करारात लिहू या.

तुम्ही लिव्ह अँड लायसन्सचा करार कधी नीट वाचलाय का? बहुतेक मसुद्यांत एक वाक्य असतंच, की राहणाऱ्याने जागा पाहिली असून ती सुस्थितीत आहे. म्हणजे जुलैत घरात गटार आलं तरी तुम्ही मे महिन्यात सही करून बसलेले असता. वर लॉक-इन सहा महिन्यांचा. मध्येच सोडलंत तर डिपॉझिट कापणार. आमचं वाक्य असं होतं: “जुलै २०२४ मध्ये ड्रेनेजचे पाणी सदनिकेत आले होते, हे मालकांनी सांगितले आहे. पुन्हा तसे झाल्यास अथवा ओलीमुळे राहणे अशक्य झाल्यास लॉक-इन लागू राहणार नाही व डिपॉझिट पंधरा दिवसांत पूर्ण परत मिळेल.” आणि पावसाळ्याआधी ड्रेनेज लाइनला पाणी मागे न येऊ देणारा व्हॉल्व्ह मालकांनी बसवायचा. हा व्हॉल्व्ह बसवला तरी तो बंद असताना आपलंही पाणी बाहेर जात नाही, कचरा अडकला तर तो नीट मिटतही नाही, म्हणून दर पावसाळ्याआधी उघडून साफ करायला लागतो. तेही कोणी करायचं ते लिहायचं.

एजंट म्हणाला, “साहेब, असं कोणी लिहून देत नाही.” देत नाही कारण कोणी मागत नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने हा करार लेखी आणि नोंदणीकृत करणं बंधनकारक आहे, आणि तो करून घ्यायची जबाबदारी मालकावर आहे. मग नोंदवताना चार ओळी जास्त टाकायला काय हरकत आहे? ज्याला पाणी येत नाही याची खात्री आहे, त्याचं सही करून काहीच जात नाही.

आणि पालिकेलाही विचारायचंय. २०२४ च्या पुरानंतर घरोघरी पंचनामे झाले. कुठल्या बिल्डिंगमध्ये पाणी शिरलं हे सरकारी कागदावर आहे. माणसांची नावं झाका, पण बिल्डिंगचं नाव आणि पाण्याची उंची क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावा ना. निळी रेषा, लाल रेषा बांधकामाला परवानगी देताना बघतात म्हणे. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. अकरा महिन्यांसाठी राहायला येणाऱ्याला ती कोण दाखवतं? शिवाय मोरीतून येणारं पाणी या रेषा बघून येत नाही.

काकांनी दोन दिवसांनी फोन केला. व्हॉल्व्ह बसवतो म्हणाले, भाडं पंधरा करतो म्हणाले, पण लिहून देणार नाहीत. भाच्याने नाही सांगितलं. आता रस्त्याच्या पलीकडे, चढावर, एक पहिला मजला बघतोय. भाडं अठरा, जिन्याला एकोणीस पायऱ्या. ताई परवा हळूहळू चढून बघून आली.

तुमच्या गल्लीत पाणी कुठून आलं होतं, दारातून की मोरीतून? खाली लिहा, तारखेसकट. घर शोधणारं कोणीतरी वाचेल.