जीन्सच्या खिशातला हापूस

प्रिय बाळ्या,

(नाव छापायचं नाही, या अटीवर तू हे पत्र कॉलममध्ये येऊ दिलंस. थँक्स रे.)

तुझी जीन्स मशीनला लावताना खिशातून पेनड्राइव्हसारखं काहीतरी निघालं. ऑक्टोबरात, बारामतीत, हापूसचा वास! घाबरलो, हे आधीच कबूल. बाकी नोकरीच्या पहिल्या वर्षी टपरीवर कटिंगबरोबर मी काय ओढायचो ते आई तुला सांगेलच, त्यामुळे प्रवचन कॅन्सल.

पण थोडा हिशेब करू. त्यावर '५ टक्के, २ मिली' लिहिलंय. म्हणजे १०० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगारेटमधून अंगात साधारण १ ते दीड मिलिग्रॅम जातं. वाफेतलं सगळं काही आत जात नाही, तरी मामला काही पाकिटांचा झाला. सिगारेट निदान घसा जाळते आणि संपते. यात निकोटिनमध्ये आम्ल मिसळून त्याचा क्षार केलेला असतो, त्यामुळे ठसकाच लागत नाही. मग थांबायचं कधी, हे कळणार कसं?

तेही लेबल खरं असेल तर. २०१९ पासून आपल्याकडे ई-सिगारेटची आयात, विक्री, साठा, सगळ्यावर बंदी आहे. म्हणजे हा माल चोरून आलेला, आत काय आहे ते कुणी तपासलेलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसं बिघडण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ केसेस, ६८ मृत्यू. बहुतेकांनी गांजाच्या अर्काची, म्हणजे टीएचसीची, काडतुसं ओढली होती. त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. वासावरून कुणाला कळलंही नाही.

आता गांजा. 'नॅचरल आहे' म्हणून मित्राने दिला, दोनदा ओढलास, हे तूच सांगितलंस. इथे माझी चूक मोठी आहे. तुझ्या काकाला विसाव्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले होते, ते आम्ही घरात दाबून ठेवलं. घरात असा आजार असेल तर कोवळ्या वयातल्या गांजाने तो उफाळायचा धोका वाढतो. सगळ्यांना होत नाही. पण तुझ्या हातातले पत्ते मित्रांसारखे नाहीत, आणि हे तुला आधीच माहीत असायला हवं होतं.

एकच विचारतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात ती डबी आठवते का? आठवत असेल तर सवय लागलीय. सोडलीस की पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल. दोन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतं. माझ्याशी बोलायचं नसेल तर १४४१६ वर टेली-मानस आहे, पुण्यात मुक्तांगण आहे. आणि कधी छातीत दुखलं, धाप लागली, किंवा कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटायला लागलं, तर रात्री दोनलाही मला फोन कर. गाडी काढतो. डॉक्टरला मात्र काय ओढलंस ते खरं सांगायचं.

डबी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शनिवारी भिगवणला मासे खायला जाऊ. तिचं काय करायचं ते तिथे तू सांग. बिल माझं.

तुझा,
बाबा