नवरात्रात जिम चालू आहे? मग साबुदाण्याचा हिशोब करा

'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपण चेष्टेत म्हणतो, पण व्यायाम करणाऱ्यासाठी त्यात एक अर्धीच गोष्ट सांगितलेली आहे. उपवासाला आपण दुप्पट खातो ते पिठूळ पदार्थ आणि तूप. प्रोटीन मात्र नेहमीच्या निम्म्यावरही राहत नाही. एका एकादशीनं काही बिघडत नाही, शरीर तेवढं सांभाळून घेतं. प्रश्न नवरात्राचा आहे, कारण तिथं हेच सलग नऊ दिवस चालतं.

समजा तुमचं वजन ६० किलो आहे आणि संध्याकाळी सहाला तुम्ही वजनं उचलता. अशा माणसाला दिवसाला साधारण ८५ ते ९५ ग्रॅम प्रोटीन लागतं. आता आपला ठरलेला उपवास बघा. सकाळी चहा, मग खिचडी, दुपारी वेफर्स आणि केळं, रात्री भगर आणि दाण्याची आमटी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रोटीन नसतं. खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. दिवसाची बेरीज जेमतेम २०-२५ ग्रॅमवर येते. पोट भरलेलं, कॅलरी भरपूर, आणि स्नायूंच्या दुरुस्तीला माल नाही.

दाणे वाढवून हे भरून निघेल असं वाटतं, पण मूठभर (३० ग्रॅम) दाण्यांत ७-८ ग्रॅम प्रोटीन येतं आणि सोबत तेवढ्याच्या जवळपास दुप्पट तेल. खरा आधार दुधाचा आहे, आणि बहुतेक घरांत तो उपवासाला चालतो. दुसरा राजगिरा. त्याच्या १०० ग्रॅम पिठात १३-१४ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे साबुदाण्याशी तुलनाच नको.

त्याच ६० किलोच्या माणसाचा दिवस जरा वेगळा लावून बघू. सकाळी मोठा ग्लासभर दूध आणि त्यात वाटीभर राजगिऱ्याच्या लाह्या, साधारण १३ ग्रॅम. दुपारी १०० ग्रॅम पनीर तुपात जिरं-मिरची घालून परतायचं आणि सोबत उकडलेलं रताळं. इथं २० ग्रॅम मिळतात. पाचच्या सुमारास एक केळं, ते प्रोटीनसाठी नाही, व्यायामाला ताकद राहावी म्हणून. जिमहून आल्यावर वाडगाभर दह्यात दोन-तीन चमचे स्किम्ड मिल्क पावडर घुसळून घ्या, १६-१७ ग्रॅम. (हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी ही पावडर वरदान आहे. फ्रीज लागत नाही, चूल लागत नाही.) रात्री राजगिऱ्याच्या दोन भाकऱ्या आणि दाण्याची आमटी, १८ च्या आसपास. झोपताना कपभर दूध. बेरीज ७५ च्या घरात जाते. पूर्ण ९० नाही, पण नऊ दिवस कमावलेलं टिकवायला हे पुरतं.

खिचडी सोडा असं मी म्हणत नाहीये. ती व्यायामाच्या दोन-अडीच तास आधी खा, ताटभर नको, वाटीभर. तिथं तिचा स्टार्च कामाला येतो. सकाळी नाश्त्याला खाल्ली की अकरापर्यंत पुन्हा भूक लागते आणि मग आपण वेफर्सचं पाकीट फोडतो.

या नऊ दिवसांत व्यायामही थोडा आवरायला हवा, विशेषतः रात्री दोन तास दांडिया असेल तर. बहुतेक जण इथं वजन कमी करतात आणि सेट तेवढेच ठेवतात. माझ्या मते उलट करावं. वजन तेच ठेवा, सेट तिसऱ्या हिश्श्यानं कमी करा. ताकद टिकवायची खूण शरीराला वजनातून मिळते, थकवा मात्र सेटमागून सेट केल्यानं साचतो. आहार पुरतोय का, हे वहीत दिसेल. पहिल्या दिवशी ज्या वजनाचे आठ रेप्स झाले, त्याचेच चौथ्या दिवशी पाच होत असतील तर खाणं किंवा झोप कमी पडतेय.

मिठाचं वेगळं सांगायला हवं. काही घरांत अळणी उपवास असतो. घाम गाळून पाणी पीत राहिलात आणि मीठ अजिबात घेतलं नाहीत, तर पायात गोळे येतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. सैंधव चालत असेल तर ताकात चिमूटभर घाला. तेही चालत नसेल तर जिमऐवजी संध्याकाळी फक्त चाला. हात थरथरायला लागले, थंड घाम आला, तर सेट तिथंच सोडून बसा आणि साखर-लिंबू पाणी घ्या.

पनीर चालतं की नाही, हा वाद घराघरांत वेगळा आहे, तो आजीशी बोलूनच मिटवा. नाही चाललं तर दुपारी चक्का खा आणि दूध एका ग्लासानं वाढवा. निर्जळी करणार असाल तर त्या दिवशी जिमला सुट्टी, आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांना गाठा, कारण डोस बदलावा लागू शकतो.