चंद्राचे वय आणि चांद्रशिलेचे वय

“सूर्यमाला ४५६ कोटी ७० लाख वर्षांची आणि चंद्र तिच्याहून वीस कोटी वर्षांनी लहान,” असे वाक्य अनेक पुस्तकांत वाचावयास मिळते. या वाक्याचा पूर्वार्ध भक्कम पुराव्यावर उभा आहे. उत्तरार्धाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. दोन्ही आकडे दगडांवरून काढलेले असले, तरी ते एकाच प्रकारच्या घटनेची साक्ष देत नाहीत. ही गोष्ट लक्षात न घेता केलेली वजाबाकी गणिताने बरोबर असूनही अर्थाने फसवी ठरू शकते.

दगडाचे वय म्हणजे काय, हे प्रथम पाहू. खनिजाचा स्फटिक थिजतो तेव्हा त्यात थोडे युरेनियम कोंडले जाते. युरेनियमचे दोन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत. २३५ अणुभाराच्या युरेनियमचे प्रमाण दर ७० कोटी ४० लाख वर्षांनी निम्मे होते आणि त्यापासून शेवटी २०७ अणुभाराचे शिसे बनते. २३८ अणुभाराचे युरेनियम फार सावकाश, म्हणजे ४४६ कोटी ८० लाख वर्षांत निम्मे होते; त्याचे शिसे २०६ अणुभाराचे असते. एकाच स्फटिकात एक द्रुतगती आणि एक मंदगती अशी दोन घड्याळे एकाच क्षणी सुरू होतात, आणि दोन्ही शिशांचे परस्परप्रमाण पाहून किती काळ लोटला हे सांगता येते. ४५६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी थिजलेल्या पदार्थात, युरेनियमपासून बनलेल्या दर शंभर २०६-शिशांमागे सुमारे साडेबासष्ट २०७-शिसे सापडतात. ४३६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या पदार्थात ती सुमारे चोपन्न असतात.

परंतु दगड पुन्हा वितळला, किंवा फार तापला, तर साठलेले शिसे निसटते आणि घड्याळ शून्यावर येते. म्हणून दगडाचे वय हे त्याच्या द्रव्याचे वय नव्हे. शेवटच्या थिजण्याचे ते वय होय. या लेखाचा सारा युक्तिवाद या एका भेदावर आधारलेला आहे.

आता अशनींकडे वळू. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोतील चिवावा प्रांतात आयेंदे नावाची अशनी कोसळली. तिच्या करड्या अंगात कॅल्शियम व ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असे पांढरे कण विखुरलेले आहेत. नवजात सूर्याभोवतीचा तप्त वायू निवू लागला, तेव्हा सर्वांत आधी घनरूप झालेल्या खनिजांचे हे कण बनलेले आहेत. त्यांचे वय ४५६ कोटी ७० लाख वर्षे भरते आणि अनिश्चितता काही लाख वर्षांचीच आहे. ही अचूकता सहज लाभलेली नाही. या कणांत पृथ्वीवरील शिसे मिसळलेले असते. ते आम्लाने धुऊन काढावे लागते. शिवाय दोन्ही युरेनियमांचे परस्परप्रमाण सर्वत्र सारखेच असते, असे दीर्घकाळ गृहीत धरले जाई. आयेंदेच्या कणांत ते प्रत्यक्ष मोजले असता कणाकणांत किंचित फरक आढळला, हे २०१० साली प्रसिद्ध झाले. हा फरक हजारात साडेतीनपर्यंतचाच होता. पण तेवढ्याने वय पन्नास लाख वर्षांनी चुकू शकते. तेव्हापासून प्रत्येक कणातील हे प्रमाण स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक मानले जाते.

अशनीतील हे कण एका लहानशा पिंडात राहिले. तो पिंड पुन्हा पूर्णपणे वितळण्याइतका कधी तापला नाही. म्हणूनच त्यांचे घड्याळ प्रारंभाची वेळ दाखविते. चंद्राची कथा निराळी आहे. आज सर्वाधिक मान्य असलेल्या मताप्रमाणे मंगळाएवढा एक गोल बाल्यावस्थेतील पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या द्रव्यातून चंद्र जमला. त्या वेळी त्याचा पृष्ठभाग शिलारसाचा महासागर होता. हा रस थिजताना जड खनिजे तळाशी गेली आणि हलके फेल्डस्पार वर तरंगून अनॉर्थोसाइट या फिकट खडकाचे कवच बनले. अपोलो-१६ च्या अंतराळवीरांनी १९७२ साली आणलेला ६००२५ क्रमांकाचा, सुमारे १.८ किलोग्रॅमचा दगड या कवचाचा नमुना मानला जातो. २०११ साली त्याचे वय काळजीपूर्वक काढण्यात आले, ते ४३६ कोटी वर्षे भरले. वीस कोटींच्या अंतराचा उगम येथे आहे. या आकड्यावरून चंद्रच उशिरा जन्मला असावा, असाही एक निष्कर्ष पुढे आला.

तो निष्कर्ष मला मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण चंद्राच्याच मातीत आहे. शिलारस जवळजवळ संपूर्ण थिजल्यावर उरलेल्या अखेरच्या रसातून झिरकॉन हे खनिज बनते. स्फटिक होताना ते युरेनियम सामावून घेते आणि शिशाला जवळजवळ थाराच देत नाही. शिवाय बरीच उष्णता सोसूनही आपले घड्याळ टिकवून धरते. अपोलो-१७ ने आणलेल्या एका दगडातील झिरकॉनचे वय ४४१ कोटी ७० लाख वर्षे असल्याचे २००९ साली दिसून आले. त्याच मोहिमेच्या दुसऱ्या दगडातील एका कणाचे वय ४४६ कोटी वर्षे असल्याचे २०२३ साली जाहीर झाले. त्या कणात शिसे एखाद्या ठिकाणी गोळा झाले असते, तर वय खोटे वाढलेले दिसले असते. म्हणून कणातील अणू एकेक करून तपासण्यात आले आणि तसे पुंजके आढळले नाहीत. घर नसताना घरातील मूल जन्मत नाही. चंद्राचे कवच थिजू लागल्याशिवाय त्यात हा स्फटिक बनू शकत नाही. म्हणजे ४४६ कोटी वर्षांपूर्वी चंद्र होता, इतकेच नव्हे, तर त्याचा बराचसा भाग थिजलेलाही होता. अपोलो-१४ च्या झिरकॉनमधील हाफ्नियमवरून काहींनी चंद्रजन्म ४५१ कोटी वर्षांपर्यंत मागे नेला आहे. मात्र तेथे काही गृहीतांचा आधार घ्यावा लागतो, म्हणून त्यावर मी भर देत नाही.

मग ६००२५ तरुण का? यावर २०२४ साली एक विचारार्ह खुलासा पुढे आला. चंद्र पृथ्वीपासून दूर सरकत असताना त्याची कक्षा काही काळ विस्कळीत झाली असावी. त्या वेळी पृथ्वीच्या ओढीने त्याचे अंतरंग मळले जाऊन तापले आणि सुमारे ४३५ कोटी वर्षांपूर्वी तेथील खडक पुन्हा वितळले. ऊर्ध्वगामी रसाने कवचाच्या बहुतेक भागातील घड्याळे पुन्हा शून्यावर आणली; थंड कोपऱ्यांतील मोजके झिरकॉन तेवढे बचावले. हे अजून सिद्ध झालेले नाही. तथापि जुने स्फटिक आणि तरुण खडक यांची एकत्र संगती यातून लागते. उशिरा जन्मलेल्या चंद्राच्या कल्पनेत जुन्या स्फटिकांना जागाच उरत नाही.

तात्पर्य असे की या आकड्यांना तीन निरनिराळ्या घटनांची नावे द्यावीत. ४५६ कोटी ७० लाख म्हणजे पहिल्या घन कणांचा जन्म. ४४६ कोटी म्हणजे चंद्रजन्माची अलीकडची मर्यादा, चंद्र याहून जुना असेल, नवा नसेल. आणि ४३६ कोटी म्हणजे त्याच्या कवचाच्या एका भागाचे शेवटचे थिजणे. पृथ्वीवरील महाटक्कर पहिल्या दोहोंच्या मधल्या सुमारे दहा कोटी ७० लाख वर्षांत घडली, एवढे खात्रीने म्हणता येते. त्या अवधीतील नेमके वर्ष सांगावयास चंद्राच्या अन्य भागांतील शिला हाती याव्या लागतील. आज हाती असलेल्या अपोलोच्या शिला त्याच्या एकाच बाजूच्या मोजक्या सहा स्थळांवरून आलेल्या आहेत.